सहा ठोकळ्यांचा माणूस

आमच्या केंद्रात एक नियम आहे आणि तो मी केलेला आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कोणाला बोल लावायची वेळ आली, तर शोधाशोध करावी लागणार नाही.

झटका येऊन ज्यांचा एक हात लुळा पडतो, अशी माणसं आमच्याकडे हात पुन्हा चालवायला शिकतात. हात किती सुधारला हे मोजायला आमच्याकडे लाकडी खोकं आहे. मधे फळी, एका बाजूला ढीगभर ठोकळे. एका मिनिटात एकेक उचलून फळीपलीकडे जितके टाकाल, तितका तुमचा आकडा. लहान मुलाच्या खेळासारखं दिसतं, पण त्या एका मिनिटात मी भल्याभल्यांना घाम फुटलेला बघितलाय.

बावीस वर्षांपूर्वी आम्ही सगळ्यांचे आकडे नावासकट भिंतीवर लावत असू. तेव्हा एक शिवणकाम करणारी बाई यायची. फार गोड बोलायची, माझ्या पोलक्याची बाही तिनेच एकदा डाव्या हाताने नीट करून दिली होती. तिचे ठोकळे अकरावर अडकले आणि शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ तीसवर गेले. एका सोमवारी ती आली नाही. पुढच्याही सोमवारी नाही. मी घरी गेले तर म्हणाली, "ताई, रोज भिंतीवर नापास होऊन घरी यायचं, त्यापेक्षा घरीच बसलेलं काय वाईट?" मी परत आले आणि भिंतीवरचा कागद टराटरा फाडला.

तेव्हापासून कोणाचा आकडा कोणाला सांगायचा नाही. मोजायला शेजारच्या विभागातली बाई येते, कोण कुठल्या वर्गातला हे तिला माहीत नसतं. आकडा ज्याचा त्याला कानात सांगायचा. मग ऑफिसातली नोंदवाली वर्गाच्या रंगाच्या एका चिठ्ठीवर दोन आकडे लिहिते, आधीचे ठोकळे आणि नंतरचे, आणि नाव न घालता ती चिठ्ठी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकते. भिंतीवर लागते ती फक्त वर्गाची सरासरी. सगळ्यांची मिळून एक. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. या नियमाचा मला इतका अभिमान होता की नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या चहाबरोबर मी त्याला तो ऐकवत असे.

आता दादा. माझा थोरला भाऊ. पुस्तकं बांधायचं त्याचं छोटं दुकान, चाळीस वर्षांचं. फाटकं पुस्तक त्याच्याकडे द्यावं आणि आठवड्याने नवी नवरी होऊन आलेलं घेऊन जावं. एके दिवशी दुकानातच त्याला झटका आला आणि उजवा हात गेला. वाचा शाबूत राहिली, हे देवाचे उपकार की आमचं नशीब, कोण जाणे, कारण दवाखान्यातही त्याने नर्सला 'तुमच्या रजिस्टरची शिवण उसवलीय' म्हणून ऐकवलं.

वहिनी जाऊन नऊ वर्षं झाली. घरी तो आणि त्याची लेक. लेकीला आम्ही सगळे मुंगी म्हणतो. अंगाने एवढीशी आणि दिवसभर काहीतरी ओढत असते. संख्याशास्त्र शिकून ती आमच्याच केंद्रात हिशेब-तक्त्यांच्या कामाला लागली. मी तिची आत्या, त्यामुळे केंद्रात तिला माझा वशिला आणि घरी मला तिचा धाक.

त्या सहामाहीत आमच्याकडे दोन वर्ग होते. एक माझा, नेहमीचा: कपड्यांचे चिमटे दाबा, कणीक मळल्यासारखी माती मळा, पेला धरा, सोडा, पुन्हा धरा. दुसरा नवा, आरशाचा. टेबलावर मधोमध आरसा उभा करायचा, चांगला हात आरशासमोर, लुळा हात आरशामागे. दोन्ही हलवायचा प्रयत्न करायचा आणि बघायचं फक्त आरशात. चांगल्या हाताचं प्रतिबिंब नेमकं लुळ्या हाताच्या जागी दिसतं, मेंदूला वाटतं, अरे, हा तर हलतोय! आणि काहींच्या बाबतीत मेंदू खरंच त्या हाताशी पुन्हा बोलायला लागतो. चोवीस माणसं, चिठ्ठ्या टाकून बारा-बारा वाटली. दादाची चिठ्ठी आरशाची निघाली.

"छोटे, मला गं तुझ्या वर्गात घे," तो म्हणाला होता. मी छप्पन्न वर्षांची आहे, तरी मी छोटीच.

"तुला माझ्या वर्गात घेतलं तर लोक म्हणतील बहिणीने लाड केले."

"मग कर की. आयुष्यात एकदा तरी कर."

पण चिठ्ठी ती चिठ्ठी. मी त्याला आरशाच्या खोलीच्या दारापर्यंत सोडलं आणि माझ्या चिमट्यांकडे गेले. आठ आठवडे मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

आठ आठवडे संपले आणि मुंगीने तक्ता भिंतीवर लावला. दोन खांब, एक निळा, एक पिवळा. निळा नेहमीच्या वर्गाचा, पिवळा आरशाचा. दोन्हींची उंची अगदी सारखी. माणशी सरासरी सहा ठोकळ्यांची वाढ, इकडेही आणि तिकडेही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ज्यांना दोन हातांनी येत नव्हत्या त्यांनी मांडीवर. मोठे डॉक्टर खूश झाले. केंद्राचे प्रमुख ते, नीटनेटकेपणाचा भारी सोस. टेबलावरची पेन्सिलसुद्धा काठाला समांतर लागते. ते म्हणाले, "छान. दोन्ही वर्ग सारखेच गुणकारी. मग कोणालाच हलवायला नको. पुढचे बारा आठवडे जो जिथे आहे तो तिथेच. सोमवारच्या बैठकीत पक्कं करून टाकू."

दादा तक्त्यासमोर जरा वेळ उभा राहिला. मग मला म्हणाला, "बघ, सहा! काय कमी आहे का?" आणि उजवा हात खिशात घालून बाहेर गेला. म्हणजे डाव्या हाताने उजवा उचलला आणि खिशात ठेवला. मी तेव्हा ते बघितलं, पण मनावर घेतलं नाही. आनंदाच्या वेळी माणूस आंधळा होतो, त्यात मी तर आधीच चष्म्याची.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. मुंगी भाजी चिरत होती. दादा खिडकीशी बसून एका जुन्या शब्दकोशाशी झटत होता. पुस्तकाच्या जुडग्या, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, शिवायच्या तर एका हाताने जुडगी धरावी लागते आणि दुसऱ्या हाताने सुई. त्याने जुडगी दातात धरली होती.

"हे काय रे?"

त्याने घाईघाईने जुडगी खाली ठेवली. "काही नाही. गंमत."

"उजव्या हाताने धर ना. सहा ठोकळे वाढलेत की!"

"धरतो, धरतो. आज जरा थंडी आहे."

थंडी कसली, घामाने माझा पदर ओला झाला होता. मी त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात पोस्टकार्ड ठेवलं. अलगद गळून पडलं. बावीस वर्षं मी हात बघतेय. सहा ठोकळ्यांनी सुधारलेला हात निदान पोस्टकार्डाशी भांडतो तरी. हा हात भांडलासुद्धा नाही. दादाने खिडकीबाहेर बघत विचारलं, "चहा टाकतेस का गं छोटे?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि मुंगीवर घसरले. "तुझा खांब खोटं बोलतो."

तिची सुरी थांबली. "आत्या, बेरीज मी तीनदा केलीय. सरासरी सहाच आहे."

"असेल! पण तुझा बाप सहा ठोकळ्यांचा माणूस नाही."

"मला कसं कळणार? चिठ्ठीवर नावच नसतं." तिचा आवाज चढला. "आणि एकेकाचे आकडे दाखवायचे नाहीत, फक्त सरासरी लावायची, हा कोणाचा नियम?"

घरचा आहेर म्हणतात तो हाच.

मुंगी जरा वेळाने शांत झाली. तिचा राग दुधासारखा, वर येतो आणि फुंकर मारली की खाली बसतो. ती हळू आवाजात म्हणाली, "आत्या, खांब खोटं नाही बोलत. तो एकच गोष्ट सांगतो, सगळं एकत्र करून बारांत सारखं वाटलं तर प्रत्येकाला किती येईल. पण तसं कोणी वाटलेलं नसतं ना. बाराही जणांचे सहा-सहा असले तरी सरासरी सहा. निम्म्यांचे बारा आणि निम्म्यांचे शून्य असले तरी सहाच. खांब दोन्ही वेळा तेवढाच उंच."

"मग तू काय आहे ते बघितलंस का?"

ती भाजीकडे बघत म्हणाली, "मी चिठ्ठ्या उघडल्या, आकडे एकाखाली एक घातले आणि बेरीज केली. सरासरीच लावायची होती, म्हणून सरासरीच काढली." मग म्हणाली, "चुकलंच माझं. शिकताना पहिल्या महिन्यात हेच सांगतात, आधी आकडे बघा, मग हिशेब करा."

माझं जास्त चुकलं होतं, पण ते मी तेव्हा बोलले नाही. मी म्हातारी आहे, मला वेळ लागतो.

शिवाय खरी भीती वेगळीच होती. झटक्यानंतरचे पहिले महिने फार मोलाचे. मेंदू जे काही परत जोडतो, त्यातलं बरंचसं तेव्हाच जोडतो. नंतरही हात सुधारतो, नाही असं नाही, पण गोगलगायीच्या चालीने. दादाचे चार महिने गेले होते. सोमवारी ठराव झाला की आणखी बारा आठवडे तो आरशाच्या खोलीत बसणार, हसतमुखाने, शिस्तीत, आणि जर ती खोली त्याच्या कामाचीच नसली तर? त्या पिवळ्या खांबाखाली त्याला कोणी शोधायलाही जाणार नव्हतं.

सोमवारी बैठक अकराला. आम्ही आठलाच केंद्रात पोचलो. नोंदवालीकडून डबा घेतला. मुंगीने भिंतीवरचा तक्ता काढून टेबलावर पसरला. ऑफिसात फायलींना लावायच्या गोल टिकल्या होत्या, त्या घेतल्या.

"मी चिठ्ठी वाचते, वाढ किती ते सांगते," मी म्हणाले. "तू खांबाशेजारी त्या उंचीवर टिकली लाव."

आधी निळ्या चिठ्ठ्या, माझ्या वर्गाच्या. "सहा. पाच. सात. सहा. आठ. पाच." मुंगी टिकल्या लावत होती. दोन सारखे आकडे आले की दुसरी टिकली जरा बाजूला सरकवून.

"एकावर एक लावलीस तर नीट दिसेल," मी शहाणपणा केला.

"एकावर एक लावली तर दोन माणसं एकच दिसतील. मग पुन्हा तेच झालं की."

बारा निळ्या टिकल्या लागल्या. सगळ्यात खालची चारवर, सगळ्यात वरची आठवर, बाकीच्या मधे, खांबाच्या टोकाभोवती शेजारणी जमल्यासारख्या. हा खांब सभ्य होता. सहा म्हणत होता आणि त्याची माणसं खरंच सहाच्या आसपास राहत होती.

मग पिवळ्या. "तेरा," मी म्हणाले. मुंगीने टिकली खांबाच्या दुप्पट उंचीवर लावली आणि माझ्याकडे बघितलं. "शून्य. एक. अकरा. बारा. शून्य. दहा. तेरा. दोन. एक. अकरा."

शेवटची चिठ्ठी. आधी चौदा, नंतर बारा.

"उणे दोन," मी म्हणाले. मुंगीने टिकली रेघेच्या खाली लावली आणि तिचं बोट तिथेच राहिलं. चिठ्ठीवर नाव नव्हतं. पण दातात धरलेली जुडगी आम्हा दोघींनी बघितली होती.

आम्ही तक्ता लांबून बघितला. सहा टिकल्या वर, दहा ते तेराच्या मधे. सहा टिकल्या खाली, तळाशी. आणि मधे, जिथे पिवळ्या खांबाचं टोक होतं, सहावर, तिथे कोणी नाही. तीनवर नाही, चारवर नाही, नऊवर नाही. आठवडाभर आम्ही ज्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, तो सहा ठोकळ्यांचा माणूस त्या वर्गात नव्हताच.

"मुंगे, दोनाने कमी म्हणजे हात बिघडला का गं?" मी विचारलं, जसं काही मला माहीत नव्हतं.

"तसं नाही म्हणता येणार. एक-दोन ठोकळे त्याच दिवशी पुन्हा मोजलं तरी इकडेतिकडे होतात, तूच सांगतेस. पण सुधारला नाही, एवढं नक्की." तिने नाक पुसलं. "बाबा बोलले का नाहीत?"

बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी तक्ता बघितला आणि त्यांचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला. "हे काय, तक्त्याला गोवर आलाय का?"

"सर, ही माणसं आहेत," मुंगी म्हणाली.

"ते मला कळतं. पण बघणाऱ्याचा गोंधळ होतो. पसाराच दाखवायचा तर खांबावर ती उभी रेघ काढा ना, किती वर किती खाली दाखवणारी. सुटसुटीत."

मुंगी एरवी मोठ्या डॉक्टरांसमोर मान वर करत नाही. त्या दिवशी तिने पेन्सिल उचलली आणि पिवळ्या खांबाच्या टोकावर शून्यापासून बारापर्यंत रेघ ओढली. "ही तुमची रेघ, सर. नेहमीच्या हिशेबाने एवढीच येते. खांबापेक्षा जास्त सांगते, खरंय. माणसं लांबलांब पसरलीयत हे कळतं. पण टिकल्या झाका आणि नुसती रेघ बघा. काय वाटतं? बहुतेक माणसं सहाच्या जवळ असतील, थोडी वर, थोडी खाली. मधे सगळं रिकामं आहे, हे ही रेघ सांगत नाही. बाराच तर माणसं आहेत. बारा टिकल्या लावायला जागा नाही का आपल्याकडे?"

डॉक्टरांनी खरंच तळहाताने टिकल्या झाकल्या. मग हात काढला. मग पुन्हा झाकला. नीटनेटका माणूस, पण प्रामाणिक, हे मला त्यांचं आवडतं. "सहा जणांना आरशाने दुप्पट फायदा झाला," ते सावकाश म्हणाले, "आणि सहा जण आपण नुसते बसवून ठेवलेत."

"आणि सगळ्यांना तिथेच ठेवायचा ठराव करायला आज जमलोय," मी म्हणाले. माझी जीभ कधी गप्प बसलीय?

"पण यांना तुमच्या वर्गात हलवलं की ते सुधारतील, असं म्हणायचंय का?"

उत्तर मुंगीनेच दिलं. "नाही सर. नेहमीच्या वर्गात सगळे सुधारले, पण ते वेगळे बारा होते. या सहांचं काय होईल ते हलवल्यावर मोजूनच कळेल. आरसा कोणाला लागू पडतो आणि कोणाला नाही, तेही यावरून सांगता येत नाही. एवढंच सांगता येतं की सरासरीकडे बघून त्यांना तिथेच ठेवणं बरोबर नाही."

ठराव असा झाला: तक्ता टिकल्यांसकट भिंतीवर लावायचा, नावं न घालता. आपला आकडा ज्याचा त्याला माहीत आहेच. ज्याला वर्ग बदलावासा वाटेल, त्याने येऊन बोलावं.

बावीस वर्षांनी मी पुन्हा भिंतीवर माणसं लावत होते. मला शिवणवाली आठवत होती. खालचे सहा जण बघतील आणि उद्यापासून येणार नाहीत. आणि त्या सहांतला एक माझा भाऊ.

दादा साडेबाराला आरशाच्या वर्गातून बाहेर आला. तक्त्याशी थांबला. मी चिमट्यांची टोपली घेऊन दारात उभी राहिले, जसं काही मला चिमटेच मोजायचे होते. त्याने आधी वरच्या टिकल्या बघितल्या, मग खालच्या. मग डाव्या हाताच्या बोटाने तळच्या टिकल्या मोजायला लागला. एक, दोन, तीन. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

"छोटे."

"काय रे?"

"हे खाली सहाजण आहेत?"

"सहा."

मग त्याचा चेहरा असा काही वाकडा झाला की मला वाटलं आता रडतो, आणि तो हसला. "अगं, मला वाटलं मी एकटाच! सरासरी सहा म्हटल्यावर सगळे सहा असणार, मीच एक दगड. आरशात हात हलताना दिसायचा आणि मागचा आपला ढिम्म. लाज वाटायची. मुंगीचा तक्ता, तुझं केंद्र, कोणत्या तोंडाने सांगू की तुमच्या सहामधे मी बसत नाही?"

"म्हणून खिशात हात?"

"म्हणून खिशात हात."

मी टोपली खाली ठेवली आणि रडले. उगाच काय, भरपूर रडले. बावीस वर्षं माणसांची लाज वाचवतेय या ऐटीत मी फिरले, आणि माझ्याच भावाला त्या सरासरीमागे लाज लपवत बसावं लागलं. आकडे झाकले की माणूस नापास होत नाही असं मला वाटलं होतं. तो होतच होता, फक्त एकटा. मी त्याला तसं सांगितलंही, नाक ओढत.

"पुरे गं," तो म्हणाला. "नियम चांगल्या मनाने केलास. पुस्तक चांगल्या मनाने उलटं शिवलं तरी उसवावं मात्र लागतं." आणि सगळ्यात खालच्या टिकलीवर बोट ठेवलं. "हा मी."

मागून आरशाच्या वर्गातले आणखी दोघं येऊन उभे राहिले होते. एक बस-ड्रायव्हर, एक शाळेच्या बाई. बाईंनी शून्यावरच्या टिकलीकडे बघितलं. "मग ही मी," त्या म्हणाल्या. ड्रायव्हर म्हणाला, "शून्यावर आपण शेजारी की हो." नावं कोणी विचारली नव्हती. ज्याने त्याने आपली आपण सांगितली. उद्यापासून कोण येणार नाही, या काळजीत मी तक्ता लावला होता, आणि इथे खालच्या मजल्यावर ओळखी चालल्या होत्या.

त्यातले पाच जण माझ्या वर्गात आले. सहाव्याला आरसाच आवडत होता, तो तिथेच राहिला. वरच्या सहांनी आपापले आरसे सोडले नाहीत आणि सोडूही नयेत.

दादा विद्यार्थी म्हणून असह्य आहे. माती मळताना सरसाची कृती सांगतो, चिमटे दाबताना चिमट्यांच्या स्प्रिंगला नावं ठेवतो. मी लाड केले नाहीत. म्हणजे थोडे केले. तिसऱ्या आठवड्यात पोस्टकार्ड त्याच्या बोटांत क्षणभर टिकलं. सहाव्यात त्याने कार्ड धरून माझ्या नाकासमोर हलवलं.

आठ आठवड्यांनी मोजणारी बाई आली. दादाने खोक्यासमोर बसताना बाही सावरली, डाव्या हाताने. मी बाहेर थांबले, नियम आहे. दार उघडलं तेव्हा तो बोलायच्या आधी मी त्याच्या हाताकडे बघितलं. हात खिशात नव्हता.

"सतरा," तो म्हणाला. "बारावरून सतरा."

मुंगीने नवा तक्ता मांडला होता. वर्ग बदललेल्या पाचांचा खांब आणि शेजारी जागा रिकामी, टिकल्यांसाठी. बाकी चौघांच्या लावून झाल्या होत्या: नऊ, आठ, सात आणि एक. एकवाल्या शाळेच्या बाईंबरोबर मी आता तिसरंच काहीतरी करून बघतेय, त्यांना एकट्याने बसू देणार नाही.

"बाबा, तुमचे पाच," मुंगी म्हणाली. "सरासरी सहा आली. तुम्ही एकाने खाली."

"सहाचं मला सांगू नकोस," दादा म्हणाला. "त्या सहाबरोबर मी आठ आठवडे राहिलोय. हे पाच माझे आहेत. टिकली दे इकडे."

टिकल्या संपल्या होत्या. मुंगीने पेन पुढे केलं, आणि त्याने ते उजव्या हातात घेतलं. आम्ही दोघी श्वास धरून बघत होतो. पेन एकदा निसटलं, त्याने ते छातीशी अडवून पुन्हा बोटांत बसवलं. टोक कागदावर टेकलं, जरा घसरलं, आणि पाचच्या रेघेवर एक ठिपका उमटला. शेजारच्या टिकल्यांपेक्षा मोठा, वाकडा, एका बाजूने शेपूट आलेला.

"सर म्हणतील सगळे ठिपके एकसारखे हवेत," मी म्हणाले.

मुंगीने तक्ता उचलला, तसाच भिंतीवर लावला आणि चारही कोपरे तळहाताने घट्ट दाबले.